दोन मिनिटं, एक गिरणी आणि एकही शब्द नाही

एक माळी रबरी नळीने बागेला पाणी घालतोय. मागून एक पोरगा येतो आणि नळीवर पाय देतो. पाणी बंद. माळी नळीचं तोंड डोळ्यांसमोर धरून आत बघायला लागतो, तेवढ्यात पोरगा पाय उचलतो आणि फवारा थेट माळ्याच्या तोंडावर. मग पळापळ, पकडापकडी आणि दोन फटके. ल्युमिएर बंधूंची १८९५ सालची ही फिल्म, ‘लारोझर आरोझे’, एका मिनिटाच्या आत संपते. कॅमेरा जागचा हलत नाही आणि आवाज तर तेव्हा फिल्मला नव्हताच. तरीही ती एक अख्खी गोष्ट आहे, आणि आज सव्वाशेहून जास्त वर्षांनी कुठल्याही गावातल्या कुठल्याही पोराला दाखवा, त्याला ती पहिल्या झटक्यात कळते.

हे कसं होतं, याचं मला अजून नवल वाटतं. पोराचा पाय नळीवर पडलेला आपल्याला दिसतो, माळ्याला दिसत नाही. आपल्याला माहीत आहे आणि त्याला माहीत नाही, या तफावतीवर सगळी गोष्ट उभी आहे. फवारा उडतो तेव्हा ही तफावत मिटते आणि आपण हसतो. दोन मिनिटांच्या मूक लघुपटाची पटकथा लिहायला बसलं की शेवटी हाच हिशेब मांडावा लागतो: कुणी काय पाहिलं, कुणी नाही पाहिलं आणि कुणाला ते कधी कळलं.

अशी एक पटकथा आपण इथे लिहूनच बघू. हातात १२० सेकंद आहेत. सेकंदाला २४ चित्रं धरली तर २,८८० चित्रं. यात पंधरा-सोळा शॉट बसतात, फार तर वीस. माणसं दोन किंवा तीन, जागा एक, वस्तू एक किंवा दोन. याहून जास्त घेतलं की प्रेक्षकाचा वेळ नुसता ओळख करून घेण्यात जातो.

पहिला प्रश्न मात्र वेगळाच येतो. ही माणसं बोलत का नाहीत? दोन माणसं समोरासमोर बसलेली आहेत आणि दोन मिनिटं कुणी तोंड उघडत नाही, असं दिसलं तर प्रेक्षक गोष्ट सोडून या कोड्यात अडकतो. सत्यजित राय यांनी १९६४ साली ‘टू’ नावाचा एक छोटा संवादहीन चित्रपट केला. त्यात एक श्रीमंत मुलगा घराच्या खिडकीत आहे आणि एक गरीब मुलगा खाली मोकळ्या जागेत. दोघांच्या मध्ये अंतर आहे, आणि चढाओढ आहे ती खेळण्यांची आणि बासरीची. तिथे शब्द नसल्याचं आपल्या लक्षातही येत नाही. म्हणजे लेखकाने आधी अशी जागा शोधायची, जिथे न बोलणं हीच रीत असते.

आपल्याकडे अशी जागा प्रत्येक गावात आहे: पिठाची गिरणी. गिरणी चालू असताना तिथे कुणी बोलत नाही, कारण बोललेलं ऐकूच येत नाही. सगळा व्यवहार खुणांनी होतो. किती बारीक, कुणाचा डबा आधी, पैसे किती, सगळं हातांनी चालतं. नटांना वेगळा मुकाभिनय करावा लागत नाही. तर आपली पटकथा गिरणीत सुरू होते.

*पडदा काळा. पट्ट्याची एकसुरी फटफट, तिच्याखाली मोटरची घरघर.*

*कापडी बाहीतून डब्यात पीठ पडतंय. एक म्हातारा हात बाहीखाली येतो, चिमूटभर पीठ घेतो, अंगठा आणि तर्जनीत चोळतो. थांबतो. पुन्हा चोळतो.*

*आजी मान हलवते. समोर सोळा-सतरा वर्षांची मुलगी. ती गिरणीच्या चाकाकडे हात नेते. आजीचा तळवा आडवा येतो. आजी मुलीच्या खांद्यावरून मागे बघते आणि दोन बोटं जुळवून खूण करते: अजून बारीक.*

*मागे स्टुलावर गिरणीवाले बाबा. गुडघ्यांवर हात टेकून उठतात, येतात, चाक थोडं फिरवतात. मुलगी बाजूला सरकते.*

*आजी पुन्हा चिमूट घेते, चोळते. डब्याला झाकण लावते.*

*आजी दुसरा डबा उचलते. मुलगी दोन्ही हात पुढे करते. डबा तिच्यासमोरून बाबांच्या हातात जातो. मुलीचे हात क्षणभर तसेच राहतात. मग ती ते ओढणीला पुसते.*

इथवर साधारण ४५ सेकंद झाले. ‘आजीचा मुलीवर विश्वास नाही’ हे वाक्य यात कुठेच नाही. ते लिहिलं असतं तर कॅमेऱ्यासमोर काय ठेवायचं, हे दिग्दर्शकाला कळलं नसतं. विश्वास दिसत नाही, आडवा आलेला तळवा दिसतो. ‘मुलीला वाईट वाटतं’ हेही दिसत नाही, रिकामे राहिलेले हात दिसतात. पटकथेतल्या प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारायचा असतो: हे डोळ्यांना दिसेल का, किंवा कानांना ऐकू येईल का? दोन्हींचं उत्तर नाही आलं तर ती ओळ कथेची असेल, पटकथेची नाही.

आजीची चिमूट मी मुद्दाम दोनदा घेतली आहे. ज्वारीचं पीठ जाडसर राहिलं की भाकरी थापताना कडा फाटतात, हे मराठी घरात वाढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. पण ज्याने आयुष्यात भाकरी पाहिलेली नाही, त्यालाही हे चोळणं बघून कळतं की ही बाई पारखून घेणारी आहे. पहिल्यांदा ती चोळते तेव्हा ती एक कृती असते. दुसऱ्यांदा चोळते तेव्हा तिची सवय होते. प्रेक्षकाच्या डोक्यात त्या सवयीची नोंद झाली की लेखकाच्या हातात एक मोठी ताकद येते, ती शेवटी वापरायची आहे.

बाबांचं गुडघ्यांवर हात टेकून उठणंही असंच पेरलेलं आहे. आत्ता ते निव्वळ वयाचं लक्षण वाटतं.

दोन्ही डब्यांत ज्वारीच आहे, हेही ठरवून. ज्वारीवर गहू टाकला असता तर आपल्याकडचा जाणता प्रेक्षक लगेच म्हणाला असता, अहो, पीठ मिसळेल! आणि त्याचं लक्ष तिकडे गेलं असतं.

आता गोष्टीचा मधला भाग.

*बाबा डबा वर ओततात, स्टुलावर बसतात. वरच्या तोंडातून ज्वारी खाली सरकतेय. बल्ब जातो. पट्ट्याची फटफट संथ होते, मोजता येईल इतकी संथ. थांबते.*

*शांतता. पत्र्यावर कबुतराची नखं. लांब कुठेतरी ट्रॅक्टर. दारातून आलेल्या उन्हाच्या पट्ट्यात पिठाची धूळ तरंगतेय.*

*बाबा गुडघ्यांवर हात टेकतात, अर्धवट उठतात.*

*पत्र्याचा खर्र आवाज. मुलीने दाणे सोडणारी झडप बंद केली आहे. मग चाकाची करकर: एक वेढा, दुसरा वेढा. ती दगड सैल करतेय.*

*अर्धवट उठलेले बाबा ऐकतात. पुन्हा खाली बसतात.*

*आजी बाबांना बसताना बघते. मान वळवते. मुलीकडे बघते.*

या शॉटमालिकेत गोष्ट उलटते, आणि ती उलटते गिरणीच्या एका खऱ्या गरजेमुळे. दळता दळता वीज गेली की दोन दगडांच्या मध्ये दाणे अडकून राहतात. वीज आल्यावर तसाच स्टार्टर दाबला तर मोटरला तो भार एकदम उचलत नाही. ती नुसती गुरगुरते, आणि फ्यूज उडतो किंवा स्टार्टर पडतो. म्हणून आधी वरून येणारे दाणे बंद करायचे, दगडांमधलं अंतर वाढवायचं आणि मग सुरू करायचं. हे बाबांना माहीत आहे, म्हणून ते उठतात. मुलीलाही माहीत आहे, म्हणून ती थांबत नाही. आजीला यातलं काही माहीत नसलं तरी चालतं. तिला एवढंच दिसतं की चाळीस वर्षं गिरणी चालवलेला माणूस उठता उठता खाली बसला. तिच्या लेखी याहून मोठी शिफारस कुठली असणार?

‘चाळीस वर्षं’ हे मी आत्ता लिहिलं खरं, पण फिल्ममध्ये ते दाखवता येणार नाही. पडद्यावर फक्त गुळगुळीत झालेलं चाक आणि त्याच्यावर बरोबर बसणारा बाबांचा हात दिसेल. तेवढं पुरतं.

आवाजाने इथे केलेलं काम तर मला चित्रापेक्षाही विलक्षण वाटतं. पहिल्या भागात बाबांनी चाक फिरवलं तेव्हा त्याचा आवाज आपल्याला आलाच नव्हता, गिरणीच्या घरघरीत तो बुडाला होता. आता तेच चाक फिरतं आणि त्याची करकर खोलीभर ऐकू येते. बाबांची पाठ मुलीकडे असली तरी चालेल. त्यांना बघायची गरजच नाही, कानांनीच त्यांना कळतं की काय चाललंय आणि ते बरोबर चाललंय. एका माणसाने दुसऱ्याचं कसब ओळखलं, हे सांगायला आपण एक करकर वापरली. आणि ती करकर ऐकू यावी म्हणून आधी पन्नास सेकंद गोंगाट केला.

म्हणून मूक लघुपटात आवाज पटकथेतच लिहायचा असतो. चित्रीकरण झाल्यावर मागाहून लावायची ती सजावट नव्हे. प्रत्यक्ष काम करताना दोन-तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. चालू गिरणीचा आवाज प्रत्येक शॉटबरोबर तुकड्या-तुकड्यांत घेतला तर जोडताना प्रत्येक कटला तो उडी मारतो. तो वेगळा, सलग, दोन-तीन मिनिटं रेकॉर्ड करायचा आणि सगळ्या शॉटखाली एकच पसरायचा. गिरणी बंद पडतानाचा आवाजही बटण बंद केल्यापासून पट्टा पूर्ण थांबेपर्यंत अखंड घ्यायचा, कारण त्या मंदावण्याची लय नंतर नकली बनवता येत नाही.

तिसरी गोष्ट नवशिक्यांकडून हमखास चुकते. शांततेच्या जागी ते आवाज पूर्ण शून्यावर नेतात. मग प्रेक्षकाला शांतता ऐकू येत नाही, त्याला वाटतं आपला मोबाईलच बिघडला. प्रत्येक जागेला तिचा स्वतःचा बारीक आवाज असतो. त्यासाठी चित्रीकरण संपल्यावर सगळ्यांनी जागच्या जागी उभं राहायचं आणि रिकाम्या खोलीचा आवाज निदान अर्धा मिनिट टिपून घ्यायचा. ध्वनिमुद्रक त्याला ‘रूम टोन’ म्हणतात. त्या टोनवर कबुतराची नखं आणि लांबचा ट्रॅक्टर ठेवला की शांततेला खोली येते.

आता शेवट.

*आजी पोत्यावर बसलेली. बाबांचे डोळे मिटलेले. उन्हाचा पट्टा भिंतीवर चढलाय.*

*बल्ब लागतो. गिरणी गप्पच. बाबा डोळे उघडतात, जागचे हलत नाहीत.*

*मुलगी स्टार्टर दाबते. मोटरची घरघर, पट्ट्याची फटफट, वेग. ती झडप उघडते, चाक आवळते. बाहीतून पीठ पडायला लागतं. मुलगी बाहीवर दोन थापा मारते.*

*डबा भरतो. आजीचा हात बाहीखाली येतो, अंगठा आणि तर्जनी जवळ येतात. थांबतात. हात मागे जातो, झाकण उचलतो, डब्यावर दाबून बसवतो.*

*पडदा काळा. गिरणीचा आवाज दोन सेकंद चालू राहतो.*

वीज किती वेळ गेली होती? मधल्या भागाच्या शेवटी आजी उभी होती, पुढच्या शॉटमध्ये ती पोत्यावर बसली आहे आणि ऊन भिंतीवर चढलं आहे. प्रेक्षकाच्या मनात पाव तास-अर्धा तास आपोआप गेला. पडद्यावर ‘काही वेळानंतर’ अशी पाटी लावण्याची गरज पडली नाही. दोन मिनिटांत अर्धा तास मावतो तो असा, दोन शॉटच्या मधल्या फटीत.

स्टार्टरचीही एक गंमत इथे कामाला आली. वीज गेली की स्टार्टर आपसूक सुटतो, म्हणून वीज आली तरी गिरणी आपली आपण सुरू होत नाही, कुणीतरी बटण दाबावं लागतं. त्यामुळे बल्ब लागला आहे आणि गिरणी अजून गप्प आहे, असे दोन-तीन सेकंद आपल्याला फुकटात मिळतात. त्या सेकंदांत प्रेक्षक एकच गोष्ट बघत असतो: कोण उठणार? बाबा डोळे उघडतात आणि बसून राहतात.

आणि शेवटची चिमूट. ती आजी घेत नाही. न घेतलेली चिमूट पडद्यावर दिसते, याचं कारण आधी दोनदा घेतलेली आपण पाहिली आहे. जी गोष्ट घडलीच नाही ती प्रेक्षकाला दाखवायची असेल तर आधी तिची वाट बघायला लावावं लागतं. पहिल्या भागातली एक चिमूट कमी केली तर शेवट पांगळा होतो. ‘बाईने डबा बंद केला’ एवढंच उरतं.

आजीचं काम करणाऱ्या बाईंना यासाठी चेहऱ्यावर फार काही आणायचं नाही. रशियन दिग्दर्शक लेव कुलेशोव यांनी शंभरएक वर्षांपूर्वी एक प्रयोग केला होता. इवान मोझ्झुखिन या नटाचा एकच निर्विकार चेहरा त्यांनी वेगवेगळ्या चित्रांना जोडून दाखवला. एकदा त्यापुढे सूपची वाटी होती, एकदा शवपेटी. लोकांना त्या एकाच चेहऱ्यात एकदा भूक दिसली आणि एकदा दुःख. चेहरा तोच होता, शेजार बदलला होता. आपल्याकडे बाबांच्या खाली बसण्याच्या शेजारी आजीचा साधा चेहरा ठेवला की विचार आजी करतेय असं वाटतं, पण तो करत असतो प्रेक्षक. आजीने भुवया उंचावल्या, मान डोलावली, कौतुकाने हसली, तर प्रेक्षकाच्या हातातलं काम ती काढून घेते आणि फिल्म एकदम जाहिरातीसारखी होते. कौतुक जास्त झालं आहे का, हे ओळखायची सोपी खूण अशी: तो शॉट बघताना आपल्याला कळलेलं आपल्यालाच कुणीतरी परत सांगतंय असं वाटतं.

अशा पटकथेला मर्यादाही आहेत आणि त्या स्पष्ट आहेत. मुलगी बाबांची नात आहे की पगारावर ठेवलेली आहे, हे ही फिल्म सांगू शकत नाही. तिचं नाव काय, ती शाळा सोडून आली आहे का, आजी गेल्या आठवड्यात काय म्हणाली होती, यातलं काहीच नाही. नातं, नाव, कालचं आणि उद्याचं, यांना शब्द लागतात. मग काहीजण भिंतीवरचा फोटो, चिठ्ठी, मोबाईलवरचा मेसेज असा आडमार्ग घेतात. दोन मिनिटांत प्रेक्षकाला वाचायला लावलं की तो बघणं सोडतो. गोष्ट अशा माहितीशिवाय उभीच राहत नसेल तर ती वाईट नाही, पण ती दुसऱ्या जातीची आहे.

लिहून झाल्यावर घड्याळ लावायचं. एक पान म्हणजे एक मिनिट, हा पटकथेचा ठोकताळा संवादांच्या भरवशावर चालतो. इथे तो फसवतो. ‘चिमूट घेते, चोळते’ हे कागदावर तीन शब्द आहेत आणि पडद्यावर चार सेकंद. ‘स्टार्टर दाबते’ हे दोन शब्द, पण गिरणीला वेग धरायला आठ-दहा सेकंद सहज लागतात. म्हणून घरातल्या रिकाम्या डब्यासमोर बसून प्रत्येक कृती स्वतः करायची आणि मोबाईलवर वेळ मोजायची. बहुतेक वेळा बेरीज दोन मिनिटं वीस सेकंद किंवा त्याच्याही पुढे जाते.

मग काय कापायचं? पहिला हात शांततेकडे जातो, कारण तिथे ‘काही होत नाही’. ती कापली तर करकर ऐकू येणार नाही. चिमूट कापता येत नाही, बाबांचं उठणं कापता येत नाही. पण पहिल्या भागात बाबा स्टुलावरून उठून गिरणीपर्यंत चालत येतात, ते चालणं कापता येतं. उठताना दाखवायचं आणि थेट चाकावरच्या हातावर कट घ्यायचा; चार सेकंद वाचतात. दुसरा डबा वर ओतण्याचा शॉटही काढता येतो, कारण डबा बाबांच्या हातात गेला आणि पुढच्या शॉटमध्ये ज्वारी खाली सरकताना दिसली, की मधलं प्रेक्षकाने करून टाकलेलं असतं. तिथे आणखी सहा. उरलेले दहा सेकंद गिरणी वेग धरते तिथून घ्यायचे: बटण दाबलं की लगेच पीठ पडणाऱ्या बाहीवर जायचं आणि वेग वाढत जाणारा आवाज त्या शॉटखाली चालू ठेवायचा.